फॉर्म ६ चा फोटो आणि माझी यादी : तुम्ही कशी करता?

ओसरी :
भाची १८ ची झाली. मतदार यादीत नाव घालायचं म्हणून तिच्या बाबांनी कुठूनतरी फॉर्म ६ चे दोन फोटो काढून पाठवले आणि लिहिलं, "मावशी, तू हिला सोपं करून दे." मी रविवारी दुपारी बसून सूचना वाचल्या आणि सात ओळींची यादी केली. स्वतःवर खूश होते. भाची यादी घेऊन गेली आणि तासाभरात कागद परत घेऊन आली.

काय झालं ते सांगते. इंदूरला राजवाड्यामागचा आमचा जुना वाडा, लाइटचं मीटर अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली, नाव बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही. माझ्या यादीतली चौथी ओळ अशी होती : "पत्त्याचा पुरावा : घरातल्या कोणाच्याही नावाचं लाइट बिल चालेल." फॉर्म नीट पाहिला तर तिथे "कोणाचंही" कुठेच नाही. पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचा हवा, किंवा आई-वडील, नवरा-बायको, सज्ञान मूल यांच्यापैकी एकाच्या नावाचा. त्यातही ती व्यक्ती त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असली पाहिजे. आजोबा या यादीत बसत नाहीत, हयात असते तरी बसले नसते.

मला हे का दिसलं नाही? कागद घडी घालून ठेवलेला होता आणि ही अट नेमकी घडीवर आली होती. उजवी कडाही कापली गेली होती. दिसलं तेवढं मी वाचलं आणि उरलेलं मनाने भरलं. तुम्ही कोणी घरातल्यांसाठी अशी यादी केली असेल तर कुठे फसलात ते लिहा. फॉर्म कोणताही चालेल, पण फॉर्म ६ असेल तर आत्ता उपयोगी पडेल.

पोहेजलेबी :
भिया, माझा लहान भाऊ तर फोटोवर सही करून आला. बँकेच्या फॉर्मवर फोटोवर आडवी सही लागते ना, त्याला वाटलं सगळीकडे तसंच. या फॉर्मच्या चौकोनात लिहिलेलंय की फोटो सही न केलेला हवा, ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, मागे पांढरं, चेहरा समोरून. माझ्या यादीत फक्त "एक फोटो" होतं. पुन्हा स्टुडिओ, पुन्हा पैसे. त्यात झेरॉक्सवर सही हवी, तर ती केलीच नाही. म्हणजे जिथे नको तिथे केली, जिथे हवी तिथे विसरला.

निवृत्त मास्तर :
शाळेत होतो तेव्हा बूथ लेव्हल ऑफिसरचं कामही वर्षानुवर्षं केलं, म्हणून दोन शब्द.

ओसरी, चूक थोडक्यात लिहिण्यात नाही, काय गाळलं त्यात आहे. सूचना लहान करताना माणूस आधी "किंवा", "जर" आणि "पैकी एक" काढून टाकतो, कारण त्यांच्यामुळे ओळ लांबते. पण निर्णय त्याच शब्दांत असतो. मी पोरांना एक युक्ती शिकवत असे : यादी करण्याआधी फॉर्मच्या छापील प्रतीवर "आणि"ला लाल आणि "किंवा"ला निळी खूण करा. लाल असेल तिथे सगळं न्यायचं, निळं असेल तिथे एकच. वयाच्या पुराव्याखाली जन्मदाखला, आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, दहावी किंवा बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, पासपोर्ट असे पर्याय आहेत. लोक सहाच्या सहा झेरॉक्स घेऊन येत, कारण यादीत ते एकाखाली एक लिहिलेले असत आणि वर "पैकी एक" नसे.

दुसरं, फॉर्मचा क्रम हा भरायचा क्रम आहे, तयारीचा नाही. फॉर्ममध्ये नाव आधी, प्रतिज्ञापत्र शेवटी. पण घरातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक फॉर्ममध्ये मध्येच विचारतात आणि भरणारा तिथे अडतो, कारण वडिलांचं कार्ड कपाटात आणि वडील ऑफिसात. म्हणून यादीत आधी "गोळा करा", मग "भरा", मग "सही करा", मग "द्या" असे टप्पे ठेवा.

आणि फोटो परत मागवा. पान सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा, एका पानाचा एक. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर बारीक अक्षर फुटतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फॉर्मच्या शेवटच्या पानावरच्या सूचना आणि पावतीचा तुकडाही राहू देऊ नका.

मधुमालती :
एवढं कशाला? पहिली ओळ "आधार कार्ड न्या" आणि संपलं. आधारशिवाय आता काही होत नाही, ते सक्तीचंच आहे.

निवृत्त मास्तर :
मधुमालतीताई, अर्धं बरोबर आहे. आधार असेल तर काम सुटसुटीत होतं, वयाला आणि पत्त्याला दोन्हीकडे चालतं. पण फॉर्मच्या आधारच्या रकान्यात दोन पर्याय आहेत : एक क्रमांक लिहायचा, दुसरा "माझ्याकडे आधार नाही म्हणून देऊ शकत नाही". यादीत "सक्तीचं" लिहिलंत तर ज्याच्याकडे नाही तो घरीच बसेल. आणि आधारवरचा पत्ता जुना असेल तर तो पत्त्याचा पुरावा होत नाही, हे वेगळंच.

मधुमालती :
बरं, फॉर्मवर असेल. प्रत्यक्षात समोरचा माणूस पहिलं तेच मागतो, हे मी पाहिलंय. माझं म्हणणं तेवढंच.

ओसरी :
आमचंही आधार जुन्या पत्त्याचंच निघालं, सुदामा नगरमधल्या भाड्याच्या घराचं. शेवटी भाचीचं बँकेचं पासबुक कामी आलं, त्यावर वाड्याचा पत्ता होता. म्हणजे माझ्या यादीत "लाइट बिल" ही ओळच नको होती. तिथे "तुझ्याकडे आत्ताच्या पत्त्याचं काय काय आहे?" असा प्रश्न हवा होता.

कमाटीबाग :
मी वडोदऱ्याहून. आमच्याकडे फॉर्म गुजरातीत. आईला मराठीत यादी करून दिली तेव्हा मोठी गंमत झाली. फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात "अटक" असं असतं. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. आई फोनवर म्हणाली, "अरे, मला अटक का विचारतायत, मी काय केलंय?" तेव्हापासून मी यादीत अर्थ मराठीत लिहितो, पण रकान्याचा मूळ शब्द जसाच्या तसा अवतरणात ठेवतो. नाहीतर यादी आणि फॉर्म समोरासमोर ठेवल्यावर माणसाला कुठली ओळ कुठली ते कळत नाही.

पोहेजलेबी :
आमच्या हिंदी फॉर्मात तेच "उपनाम"! शेजारच्या पोराने तिथे बंटी लिहिलं.

चाळिशीचा चष्मा :
माझाही प्रश्न याच फॉर्मबद्दल. ग्वाल्हेरहून बदली होऊन इंदुरात आलो, तिकडे नाव आहे, इकडे हवंय. ओसरीताईंची यादी मला चालेल का? पत्ता तर माझाही नवीनच आहे.

निवृत्त मास्तर :
नाही चालणार. फॉर्म ६ पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यासाठी. जागा बदलली, नोंदीत दुरुस्ती करायची, कार्ड बदलून हवं, त्याला फॉर्म ८. फॉर्म ६ च्या शेवटी तुम्ही सही करून सांगता की हा माझा पहिलाच अर्ज आहे आणि दुसऱ्या मतदारसंघात माझं नाव नाही. ते खोटं ठरलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यादी करणारे प्रतिज्ञापत्राला "शेवटी सही करा" एवढ्यावर उरकतात. मी म्हणेन, ते यादीच्या वर आणा, शून्य क्रमांकाची ओळ म्हणून : हा फॉर्म माझ्यासाठी आहे का?

चाळिशीचा चष्मा :
बरं झालं विचारलं. मी जवळजवळ भरला होता.

कमाटीबाग :
शून्य क्रमांकात वयाची तारीखही हवी. "१८ पूर्ण" म्हणजे अर्जाच्या दिवशी नव्हे. वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण हवी. ऑगस्टमधल्या मुलीला १ ऑक्टोबर लागते, पण ३ ऑक्टोबरला वाढदिवस असला की थेट १ जानेवारी. १७ पूर्ण झालेल्याला अर्ज आधीही देता येतो, पण नाव त्या तारखेनंतरच लागणार.

मधुमालती :
बिलाबद्दल मलाही विचारायचंय. फॉर्मवर पाणी, वीज, गॅसच्या बिलापुढे "किमान एक वर्ष" असं कंसात आहे. म्हणजे बिल वर्षभर जुनं हवं, की कनेक्शन वर्षभराचं हवं?

निवृत्त मास्तर :
मी इतकी वर्षं "त्या पत्त्यावर वर्षभर चालू असलेलं कनेक्शन" असंच समजलो आणि ताजं बिल घेत आलो. माझ्या एका सहकाऱ्याने मात्र मागच्या वर्षीचं आणि आताचं अशी दोन्ही मागितली. वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं.

ओसरी :
मग यादीत काय लिहू?

कमाटीबाग :
जसं आहे तसं. मूळ शब्द ठेवून पुढे "विचारून घे" लिही. मी असल्या ओळींना प्रश्नचिन्ह लावतो. माझ्याच यादीत एकदा मी स्वतःचा अर्थ पक्का करून लिहिला आणि बहिणीने मलाच ऐकवलं, "तुला कोणी सांगितलं होतं?"

ओसरी :
सगळ्यांचं घेऊन नवी यादी केली. भाचीला वाचायला दिली, मी शेजारी बसून गप्प राहिले. ती कुठे थांबते ते बघायचं होतं.

०. तुझं नाव याआधी कुठेच मतदार यादीत नाही ना? असेल तर थांब, फॉर्म ८ बघ. येत्या १ जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरपैकी कोणत्या तारखेला १८ पूर्ण?
१. गोळा कर : वयाचा पुरावा, सहापैकी एक. आत्ताच्या पत्त्याचा पुरावा, तुझ्या नावाचा एक. तुझ्या नावाचा नसेल तर आई किंवा बाबांच्या नावाचा, पण ते याच पत्त्यावर मतदार असतील तरच. आजोबांचं बिल नको. बिल वापरणार असशील तर "किमान एक वर्ष"चा अर्थ विचारून घे (?).
२. आई किंवा बाबांचं मतदार ओळखपत्र समोर ठेव, क्रमांक लागतो.
३. फोटो ४.५ बाय ३.५, पांढरी मागची बाजू, फोटोवर सही नाही.
४. भर : "उपनाम" म्हणजे आडनाव. इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत. आधार क्रमांक, नसेल तर खालचा पर्याय.
५. प्रतिज्ञापत्रात जन्मगाव, जिल्हा, राज्य, आणि या पत्त्यावर कधीपासून राहतेस तो महिना आणि वर्ष. रिकामं ठेवू नकोस.
६. झेरॉक्सवर सही, मग फॉर्मवर सही, जागा, तारीख.
७. दे आणि पावतीचा तुकडा घेऊनच नीघ.

ती एकाच ठिकाणी अडली, पाचव्या ओळीत. विचारलं, "मावशी, वाड्यात मी जन्मापासून आहे, पण मधली दोन वर्षं आपण सुदामा नगरला होतो. मग कधीपासून लिहू?"

निवृत्त मास्तर :
परत आलात तो महिना लिहा. ती आत्ताच्या पत्त्यावर राहते कधीपासून, एवढंच विचारलंय.

ओसरी :
तो महिना कोणाला आठवतोय! तिच्या आईला फोन लावते. ताईच्या मते दिवाळीच्या आधी, भाऊजींच्या मते नंतर.