‘नॉन-फंक्शनल’ला मराठीत काय लिहावे?

नौपाडाकर: आमची ठाण्यातली पतसंस्था पिग्मी एजंटांसाठी मोबाइल अ‍ॅप करून घेते आहे. कंपनीकडून एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय काय हवे ते लिहिलेला दस्तऐवज, आला आहे. संचालकांना तो मराठीत वाचायचा आहे, म्हणून भाषांतर माझ्याकडे आले. त्यातल्या ‘फंक्शनल’ रिक्वायरमेंटला, म्हणजे अपेक्षेला, ‘कार्यात्मक’ लिहिले, ‘नॉन-फंक्शनल’ला ‘अकार्यात्मक’. खजिनदारांनी लगेच विचारले, जे काम करणार नाही त्याचे पैसे का द्यायचे? दुसरा शब्द सुचवा.

वाशीकर: वापरणाऱ्याला पडद्यावर दिसते ते फंक्शनल, मागे चालते ते नॉन-फंक्शनल. ‘दर्शनी’ आणि ‘अंतर्गत’ लिहा.

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: वाशीकर, ही फारकत टिकत नाही. रात्री दिवसभराच्या पिग्मीच्या नोंदी खात्यांत जमा होतात. ते कोणालाही दिसत नाही, तरी ते फंक्शनलच आहे. उलट भर उन्हात पडद्यावरची रक्कम वाचता यावी, हे डोळ्यांना दिसणारे, पण नॉन-फंक्शनल. सिस्टिमने काय करायचे ते एकीकडे आणि ते किती चांगले, किती वेगात, कोणत्या परिस्थितीत करायचे ते दुसरीकडे. नौपाडाकर, तुमच्या एसआरएसमधले एखादे वाक्य द्या, त्यावरच बोलू.

नौपाडाकर: हे घ्या: ‘एजंटाने रक्कम नोंदवताच खातेदारास पावतीचा एसएमएस तत्काळ व सुरक्षितपणे मिळावा.’

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: एका वाक्यात चार गोष्टी कोंबल्या आहेत. ‘नोंद झाली की पावती क्रमांक, रक्कम आणि तारीख असलेला एसएमएस पाठवावा’ हे फंक्शनल. एक नोंद करून पाहिली की पाठवला की नाही ते कळते.

‘तत्काळ’ हे नॉन-फंक्शनल, पण असे लिहिले तर तपासणार कसे? संध्याकाळी सगळे एजंट एकदम नोंदी करतात ना? मग असे लिहा: ‘६० एजंट एकाच वेळी नोंदी करत असताना, नोंद सर्व्हरवर पोहोचल्यापासून ५ सेकंदांच्या आत १०० पैकी ९५ एसएमएस मोबाइल कंपनीकडे सोपवलेले असावेत.’ आकडे मी उदाहरणादाखल घेतले, तुमचे तुम्ही ठरवा. पण घड्याळ कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर कंपनी सर्व्हरवर मोजेल आणि तुम्ही खातेदाराच्या फोनवर.

‘मिळावा’ हे तर कंपनीच्या हातातच नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल. ते ‘गृहीतके व अवलंबित्व’ या भागात जाते. राहिले ‘सुरक्षितपणे’. त्यातून ठोस वागणूक काढावी लागते: एसएमएसमध्ये खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसावेत, पाच वेळा पिन चुकला तर अ‍ॅप बंद व्हावे. उगम सुरक्षिततेत, पण लिहिल्यावर ती फंक्शनल झाली. मी ती फंक्शनलमध्ये ठेवते आणि शेजारी सुरक्षिततेच्या कलमाचा क्रमांक देते.

नेरूळचा सचिव: आमच्या सोसायटीचे बिलांचे सॉफ्टवेअर महिन्याच्या सुरुवातीला, सगळे एकदम बिल उघडतात तेव्हा अडकते. कंपनी म्हणते, बिल निघते, म्हणजे काम पूर्ण. हे फंक्शनलमध्ये भांडायचे की नॉन-फंक्शनलमध्ये?

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: एसआरएसमध्ये ‘एका वेळी इतके सदस्य’ असा आकडा आहे का, ते आधी बघा. एका माणसाने केलेली चाचणी पास होते आणि गर्दीत सिस्टिम अडकते, म्हणजे बहुधा भाराची अटच लिहिलेली नसते. नसेल तर कंपनीशी भांडायला कागदावर आधार राहत नाही.

नौपाडाकर: हे समजले. पण शब्दाचे काय?

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: शब्द टाळता येतो. एसआरएसचा जुना सर्वपरिचित साचा म्हणजे आयईईई ८३०, १९९८ सालचा. २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ या मानकाने घेतली, तरी बरेच जण अजून तोच वापरतात. त्यात भाग तीनच: ओळख, एकंदर वर्णन आणि नेमक्या रिक्वायरमेंट. तिसऱ्या भागात ‘नॉन-फंक्शनल’ असे शीर्षक नाही. कामगिरी, डिझाइनवरची बंधने, सिस्टिमचे गुणधर्म अशी वेगवेगळी शीर्षके आहेत. तीच मराठीत घ्या. संचालकांना ‘वेग’ आणि ‘सुरक्षितता’ थेट कळेल.

घणसोलीची टेस्टर: करारात मात्र एकच शब्द लागतो, कारण पैशांचे टप्पे त्यावर ठरतात. मी ‘गुणवत्ताविषयक अपेक्षा’ लिहिते.

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: बंधने त्यात बसत नाहीत. ‘डेटा भारतातल्याच सर्व्हरवर असावा’ ही गुणवत्ता नव्हे, अट आहे.

घणसोलीची टेस्टर: मग ‘गुणवत्ता व अटी’. लांब आहे, पण खजिनदार अडणार नाहीत.

नौपाडाकर: आणखी एक. ‘तळघरातल्या दुकानात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहावी व रेंज आल्यावर आपोआप जावी.’ हे कुठे?

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: फंक्शनल. ठेवणे आणि पाठवणे ही दोन्ही कामेच आहेत.

घणसोलीची टेस्टर: मी ते उपलब्धतेखाली घालते. फंक्शनलमध्ये टाकले की रेंज तोडून एकदा तपासतात आणि पुढे जातात. नोंद पाठवताना मध्येच रेंज गेली तर तीच रक्कम दोनदा जमा होते का, हे कोणी बघत नाही.

ऐरोलीची अ‍ॅनालिस्ट: ‘एक नोंद एकदाच जमा व्हावी’ ही तर वेगळी फंक्शनल रिक्वायरमेंट झाली. नौपाडाकर, ती तुमच्या एसआरएसमध्ये आहे का?

नौपाडाकर: आत्ता पाहिले, नाही. उद्या कंपनीला लिहितो.