लॉनचे फवारे उठत नाहीत: पंप बदलायचा का?

नीता (सेक्रेटरी): नवीन टायमर बसवून आठवडा झाला, तरी लॉनचे फवारे अर्धवटच वर येतायत. मागच्या कोपऱ्यातलं गवत पिवळं पडलंय. पंप १ एचपीचा आहे. दीडचं कोटेशन मागवू का?

अमोल, सी-२०२: मागवा ताई, एकदाचा विषय संपवा.

सुहासकाका, ए-१०१: अरे थांबा! आज सकाळी गणपतमामांना घेऊन मोजून आलोय. गेजचा काटा २ बारवर राहील इतपतच गेटव्हॉल्व्ह उघडला आणि २० लिटरची बादली धरली. २४ सेकंदांत भरली. म्हणजे २ बारला पंप मिनिटाला ५० लिटर देतो. फिल्टर तुंबतो, पंप झिजतो, म्हणून हिशोबाला ४०च धरायचे.

लॉनवर आठ पॉप-अप आहेत, सगळे अर्धवर्तुळाचे, १५ फुटी नोझलचे. एकेक जण साधारण ७ लिटर ओढतो, म्हणजे ५६ झाले. त्यात टायमरवाल्याने कुंपणाचं ड्रिपही त्याच वेळेला लावून ठेवलंय. ३०० ड्रिपर, प्रत्येकी ताशी ४ लिटर, म्हणजे मिनिटाला आणखी २०. मागणी ७६ ची आणि पुरवठा ५० चा. पंपाची काय चूक?

मेघना, बी-४०३: मग ड्रिप वेगळ्या वेळेला लावलं की झालं ना काका?

सुहासकाका: लॉन एकटंच ५६ मागतंय, त्यामुळे नाही भागणार. लॉनची लाईन मध्ये कापून दुसरा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाकावा लागेल. चार-चार फवाऱ्यांचे दोन झोन, २८-२८ लिटरचे. खर्च एका व्हॉल्व्हचा, थोड्या पाइपाचा आणि प्लंबरच्या मजुरीचा.

आज चार फवाऱ्यांच्या नोझलवरचे स्क्रू आवळून बंद केले आणि उरलेले चार चालवून पाहिले. काटा पावणेतीनच्या आसपास थांबला आणि मागच्या कोपऱ्यातलाही फवारा पूर्ण उठला. गणपतमामा भिजले, पण खूश होते 😄

अमोल: बरं, मान्य. मग ड्रिप एकटं चालवायचं?

सुहासकाका: तिथेच गंमत आहे. कुंपणाचं ड्रिप एकटं लावलं तर पंप अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला चालू-बंद व्हायला लागला. २० लिटर त्याला फार कमी पडतात. प्रेशर ३ बारला गेलं की स्विच पंप बंद करतो, छोट्या प्रेशर टाकीतलं पाणी लगेच संपतं, काटा खाली आला की पंप पुन्हा चालू. मोटर अशानेच जळते. म्हणजे झोनला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. गेटजवळचं ड्रिप १४ लिटरचं आहे, ते कुंपणाच्या सोबत लावलं की ३४ होतात. तसं लावल्यावर पंप सलग चालला.

मेघना: म्हणजे एकाच वेळी दोन व्हॉल्व्ह उघडे? ते चालतं?

सुहासकाका: बेरीज ४० च्या आत असली की चालतं. दोन्हींच्या वायरी टायमरच्या एकाच टर्मिनलवर घ्यायच्या. फक्त ट्रान्सफॉर्मरला दोन कॉइलचा भार झेपतो का ते आधी बघायचं.

नीता: आणि झोन बदलताना तो ‘ठक’ आवाज येतो तो? तळमजल्यावरचे रोज तक्रार करतात.

सुहासकाका: हे व्हॉल्व्ह डायफ्रॅमचे असतात. करंट तुटला तरी पूर्ण मिटायला त्यांना काही सेकंद लागतात, आणि ते पाण्याच्या दाबावरच मिटतात. आपला टायमर पहिला बंद करतो त्याच क्षणी दुसरा उघडतो. मग थोडा वेळ दोन्ही उघडे राहतात आणि प्रेशर पडतं. ते पडलं की पहिला व्हॉल्व्ह रेंगाळतो आणि शेवटी एकदम आपटतो. टायमरमध्ये `Station Delay` आहे, तो १५ सेकंद ठेवलाय. तेवढ्यात व्हॉल्व्ह नीट मिटतो, टाकी भरते, पंप आपोआप थांबतो आणि पुढचा झोन पूर्ण प्रेशरवर सुरू होतो. आज आवाज आला नाही.

अमोल: मग मिनिटभरच द्या की. अजून बरं.

सुहासकाका: टाकी एकदा भरली की पुढचा थांबा फुकट. पण पंधरा सेकंदांची परीक्षा मात्र होते बरं का. पंप थांबल्यावर काटा जागच्या जागी राहिला पाहिजे. खाली सरकत असेल तर कुठला तरी व्हॉल्व्ह गळतोय किंवा पंपाजवळचा एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गेलाय. आणि पुढेमागे एकाच झोनचं प्रेशर पडलं तर त्या लाईनीत गळती शोधायची. सगळ्यांचंच पडलं तर आधी फिल्टर धुवायचा. आपलं पाणी एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं आहे, जाळी लवकर भरते.

नीता: ओके, कोटेशन रद्द. वेळा सांगा काका, गणपतमामांना लिहून देते.

सुहासकाका: साडेपाचला लॉन पुढचं १२ मिनिटं, मग लॉन मागचं १२, मग दोन्ही ड्रिप ४० मिनिटं. पावणेसातच्या आत सगळं आटोपतं. दिवसाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी.

नीता: प्लंबर शनिवारी ९ ला येतोय. लॉन खणलेलं असेल, मुलांना तिकडे सोडू नका 🙏