उत्तर: फुटबॉलच्या पेनल्टीला गोलरक्षकानं झेप नेमकी कधी घ्यायची?

>> "बाजू बरोबर ओळखतो, पण पोचेपर्यंत चेंडू जाळ्यात. लवकर उडालो तर तो दुसरीकडे मारतो."

११ मीटरवरून जोरात मारलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात येतो, त्यामुळे तो पाहून उडणं जमत नाही. धाव बघून बाजूचा अंदाज मनात बांधा, पण शरीर हलवू नका. मारणाऱ्याचा टेकू पाय, म्हणजे ज्यानं तो चेंडू मारत नाही तो पाय, चेंडूशेजारी पडतो तो क्षण पकडा. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर डाव्या बुटाचं टोक आणि कंबर बघा. कंबर बाहेरच्या बाजूला उघडी राहिली तर चेंडू बहुधा तुमच्या डावीकडे येतो, आत वळली तर उजवीकडे. पाय टेकला की त्याला बाजू बदलायला वेळ जवळजवळ उरत नाही, उडायचं तेव्हाच. झेप आडवी नको, किंचित पुढे घ्या, कोन कमी होतो. फक्त किक लागताना एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर किंवा तिच्या मागे हवा.

अडचण येते ती शेवटच्या पावलाला उडी मारून थांबणाऱ्यांची. इटलीचा जोर्जिन्यो तसाच, गोलरक्षक आधी हलला की उलट बाजूला सोडतो. २०२१ च्या युरो फायनलमध्ये इंग्लंडचा गोलरक्षक पिकफर्ड त्या उडीला फसला नाही, हात लागून चेंडू खांबावर आपटला. अशांना तुम्ही पावलं मोजू नका, टेकू पायाचीच वाट बघा. कोपऱ्यात उंच बसलेला चेंडू मात्र सोडून द्या, तो क्वचितच कुणाला सापडतो.

सरावात मित्राला चेंडूशिवाय फक्त धावायला लावा आणि पाय टेकताच बाजू ओरडून सांगा.