अनुभव धागा: जुन्या गिऱ्हाइकाकडं साठाचे तीस दिवस मागताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पुण्याचं एक गिऱ्हाईक वडिलांच्या वेळेपासूनचं, हॉटेलांना टॉवेल-नॅपकिन पुरवतात. महिन्याला सहा लाखांचा माल जातो, पैसे साठ दिवसांनी. कधी बुडवले नाहीत, पण लवकरही कधी दिले नाहीत. सूतवाला आधी महिनाभर थांबायचा, आता पंधरा दिवसांत मागतो. कामगारांचा पगार तर दर आठवड्याला. पुण्याच्या या गिऱ्हाइकाला, म्हणजे काकांना, तीस दिवसांचं बोलायचंय, पण जीभ रेटत नाही. तुम्ही काय बोललात आणि पुढं काय झालं ते लिहा. सल्ल्यापेक्षा घडलेलं सांगा.

चादरवाला, पूर्व भाग

यात लाजायचं काय? कायदाच आहे की. लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर समोरच्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. मी तीन गिऱ्हाइकांना सीएच्या लेटरहेडवर पत्र धाडलं. दोघांनी पैसे टाकले. तिसऱ्यानं फोन करून म्हटलं, "मालक, पत्र मिळालं, आता माल नको." आठ वर्षांचं गिऱ्हाईक होतं. गेलं तर गेलं.

जुना मुनीम

चादरवाले अण्णा अर्धं बरोबर सांगतायत. पंचेचाळीस दिवसांची मर्यादा खरी आहे, आणि तुम्ही दोघांनी साठ दिवस कबूल केले असले तरी ती पंचेचाळीसच राहते. करार नसेल तर पंधरा दिवस. पण त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी, ती सूक्ष्म किंवा लघु वर्गात हवी आणि तुम्ही स्वतः माल बनवणारे किंवा सेवा देणारे हवेत. नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू होत नाही. शिवाय समोरच्याचा खर्च कायमचा बुडत नाही. मार्चअखेरीस जी बिलं थकलेली असतात आणि मुदतीत भागत नाहीत, तेवढा खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पैसे दिले त्या वर्षी तो मिळतो. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून हे सुरू झालं. म्हणून हा विषय फेब्रुवारीत काढला तर समोरचा ऐकून घेतो, ऑगस्टात काढला तर हसतो.

पण कायद्यानं तुम्ही पंचेचाळीसपर्यंतच पोचता. तीस दिवस मागायचे तर कारण वेगळं लागतं.

मी एका टॉवेल कारखान्यात एकोणीस वर्षं हिशेब पाहिला. आमच्या मालकांनी हेच मागितलं होतं, तेही पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीनं. "एक तारखेपासूनची बिलं तीस दिवसांत द्या," असं फोनवर सांगितलं. गिऱ्हाईक हो म्हणालं आणि दुसऱ्याच महिन्यात पैसे अडले. मालकांना वाटलं, शब्द फिरवला. मी कागदावर मांडून दाखवलं. तुमचेच आकडे घेतो, म्हणजे समजेल.

समजा, जूनपासून नवी मुदत. एप्रिलच्या मालाचे सहा लाख जूनमध्ये द्यायचे. मेच्या मालाचे जुन्या मुदतीनं जुलैत, आणि जूनच्या मालाचे नव्या मुदतीनं तेही जुलैत. म्हणजे एका महिन्यात बारा लाख! तुमच्या काकांची नियत कितीही चांगली असली तरी जुलैत त्यांच्या खात्यात जास्तीचे सहा लाख कुठून येणार? नकार तिथं येतो.

दुसऱ्या वेळी आम्ही दर महिन्याला पाच दिवस कमी करत गेलो. साठ, पंचावन्न, पन्नास, असं सहा महिन्यांत तीसपर्यंत. तुमच्या हिशेबात एका दिवसाचा माल वीस हजारांचा, म्हणजे काकांना महिन्याला फक्त एक लाख जास्त काढावे लागतील. पत्रात प्रत्येक महिन्याची मुदत लिहिली आणि दिवस कुठून मोजायचे तेही लिहिलं. बिलाची तारीख, की माल पोचल्याची, की महिनाअखेर? आमचं गिऱ्हाईक महिनाअखेरीपासून मोजायचं. त्यामुळं पाच तारखेच्या बिलाचे साठ दिवस म्हणजे खरे पंच्याऐंशी. आधी गेल्या वर्षभराची बिलं काढून पैसे किती दिवसांनी आले ते बघा. पुष्कळदा भांडण साठाचं नसतंच.

फ्लेक्स-बॅनर, नवी पेठ

माझं प्रिंटिंगचं काम आहे, त्यामुळं जीएसटीचं कारण पुढं केलं. लाखाच्या बिलावर अठरा हजार, ते पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मीच भरायचे आणि पैसे त्यानंतर महिनाभरानं. एका बिल्डरच्या ऑफिसातल्या मॅडमना हे चलनासकट दाखवलं. त्यांनी कर लगेच आणि बाकीचं बिल साठ दिवसांनी असं ठरवलं. मला ते पुरलं. टॉवेलवाल्यांनीही हेच सांगावं.

जुना मुनीम

नका सांगू. टॉवेलवर कर पाच टक्के, त्यातून सुतावर भरलेला कर वजा होतो. हातातून जाणारी रक्कम लहान. पुण्याचे काका त्याच धंद्यातले, ते लगेच ओळखतील.

युनिफॉर्मवाली

माझा अनुभव वाईट आहे. सांगलीच्या एका दुकानदार दादांकडं तीस दिवस मागितले, तेही एप्रिलात. आम्ही युनिफॉर्म एप्रिलात पाठवतो, त्यांची विक्री शाळा उघडताना जूनमध्ये. ते म्हणाले, "ताई, पालकांनी पैसे दिल्याशिवाय मी कुठून देऊ?" बरोबरच होतं, मी त्यांच्या बाजूनं बघितलंच नव्हतं. त्या वर्षी निम्मी ऑर्डर दुसरीकडं गेली. आता मुदत साठच ठेवली आहे, पण कापड घेण्यापुरता ॲडव्हान्स घेते. तुमच्या काकांना हॉटेलं किती दिवसांनी देतात, ते विचारलंय का?

सोरेगावकर

आमच्याकडं उलटं आहे. बँक हप्ता तीस तारखेला मागते, मला साठ तारखेपर्यंत हवाय. मॅनेजरना अर्ज कसा लिहायचा?

चादरवाला, पूर्व भाग

अहो सोरेगावकर, हे गिऱ्हाइकाकडून पैसे यायचं चाललंय. आणि साठ तारीख कुठल्या कॅलेंडरात असते बे?

सूत दलाल

एवढं कशाला, दोन टक्के सूट द्या, धावत येतील. माझे सगळे येतात.

जुना मुनीम

येणारच. तीस दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. कॅश क्रेडिट अकरा टक्क्यांनी मिळत असेल तर सहा लाख महिनाभर लवकर आल्यानं मालकाचं व्याज साडेपाच हजार वाचतं, आणि दोन टक्के सूट जाते बारा हजारांची. अर्ध्या टक्क्यापर्यंत ठीक आहे. बँकेची लिमिट संपलेली असेल तर मात्र गणित बदलतं, कारण मग सूतच मिळत नाही.

धागा काढणारा

आधी वर्षभराची बिलं काढली. सरासरी एकाहत्तर दिवस निघाले! मग काकांना भेटायला पुण्याला गेलो. सूतवाल्याची जुनी-नवी बिलं समोर ठेवली, दर महिन्याला पाच दिवस कमी करायचं म्हटलं, अर्धा टक्का सूटही सांगितली. काकांनी बिलं बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांनी कधी मागितलं नाही." मी गप्प बसलो. जेवताना त्यांनीच विषय काढला. हॉटेलं त्यांना चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी देतात म्हणे, त्यामुळं पंचेचाळीसपर्यंत यायला तयार आहेत, बिलाच्या तारखेपासून. त्याखाली नाही. सूट नको म्हणाले, त्याऐवजी वर्षभर दर वाढवू नकोस.

पंचेचाळीस धरले तरी खरे सव्वीस दिवस कमी होतात, म्हणजे सव्वापाच लाखांच्या आसपास मोकळे. पण वर्षभर दर बांधून द्यायचा आणि मध्येच सूत चढलं तर? मुनीमकाका, दर सुताशी जोडून देता येईल का? जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी त्यांना उत्तर द्यायचंय.