अनुभव धागा: फक्त खरेदीसाठी कच्छला जायचं तर

सायली_ठाणे (धागाकर्ती)
जानेवारीत आई, मावशी आणि मी कच्छला निघालोय. तंबू, उंट, पांढरं रण यातलं काही नको. भुजला मुक्काम करायचा, गावांतल्या कारागिरांकडे जायचं आणि मनासारखी खरेदी करायची. वांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेसचं आरक्षण झालंय. तिघींची मिळून खरेदी साधारण चाळीस हजारांची. कुठे किती वेळ द्यावा, पैसे कशावर घालावेत आणि काय सरळ सोडून द्यावं? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

मनोज जी
पौर्णिमेच्या रात्री धोरडोला राहाच. चांदण्यातलं रण बघितल्याशिवाय कच्छ बघितलं असं म्हणता येत नाही. तंबूंचं बुकिंग आधी करा, पौर्णिमेला दर चढतात.

सायली_ठाणे
मनोजदादा, तंबू नको असं पहिल्याच ओळीत लिहिलंय हो. 🙂

अनघा कुलकर्णी
जानेवारी उत्तम. दिवाळीत मात्र कोणी जाऊ नये. आपल्या पाडव्याला त्यांचं नवं वर्ष, आणि तिथून लाभपाचमेपर्यंत बरीचशी दुकानं बंद. आमच्या शेजारचे ऐन त्या दिवसांत गेले आणि कुलपं बघून परतले. पावसाळाही नको, छापलेलं कापड उन्हात वाळवावं लागतं, त्यामुळे काम रेंगाळतं. आणखी एक, भुजच्या बाजारात दुपारी एक ते चारच्या सुमारास शुकशुकाट असतो. तेव्हा सकाळ गावांना द्या आणि बाजार संध्याकाळी करा.

विणकरीण
वस्त्रकला शिकवण्यात माझी नोकरी गेली, कच्छच्या वाऱ्या अजून चालू आहेत. आधी दिशा सांगते. विणकरांचं भुजोडी आणि ठशांनी अजरख कापड छापणारं अजरखपूर एकाच बाजूला, भुजच्या पूर्वेला. भुजोडी आठेक किलोमीटर, अजरखपूर त्याच्या थोडं पुढे. कापडावरच्या रोगन चित्रांचं निरोणा मात्र वायव्येला चाळीसेक किलोमीटर. रिक्षावाला तिन्ही गावं एका दिवसात दाखवतो म्हणेल, पण मग तुमचं बघणं गाडीतूनच होईल.

पहिला दिवस अजरखपूरला द्या आणि दुकानात शिरण्याआधी कारखान्यात जा. हे गाव २००१च्या भूकंपानंतर वसलं. धमडका या छापणाऱ्यांच्या जुन्या गावातल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडू लागले, म्हणून बऱ्याच खत्री कुटुंबांनी इकडे मुक्काम हलवला. अंगणात पिंपं दिसतील, त्यांत भंगार लोखंड आणि गूळ आंबत ठेवलेला असतो, त्यातून काळा रंग निघतो. वास नाकात बसतो. जवळच चुना आणि डिंकाच्या लेपाने रेघा छापणारा माणूस बसलेला असेल, ठसा ठेवून त्यावर मुठीने ठोकत. लेप लागला तिथे नीळ चढत नाही. निळीच्या हौदातून कापड वर येतं तेव्हा हिरवट असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. मग मंजिष्ठा किंवा अलिझरीनच्या उकळत्या पाण्यात लाल उठतो. धुणं, वाळवणं, परत छापणं असं करत एका ताग्याला दोन-तीन आठवडे जातात. हे बघितलं की साडी सात हजारांची का आणि दोन हजारांची का, हे विचारावं लागत नाही.

त्याच गावात एलएलडीसी या संस्थेचं हस्तकलेचं संग्रहालय आहे, भरतकामासाठी ते चुकवू नका. तिथे रबारी, आहिर, सूफ, मुतवा असा भरतकामाचा एकेक प्रकार बघून घेतला की बाजारात फसवणं अवघड जातं.

पराग_सांगली
अजरख ओळखायची सोपी खूण सांगतो. ओला पांढरा रुमाल घासा, रंग लागला की नकली. आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं असेल तरच अस्सल.

विणकरीण
परागराव, रुमालाचा भरवसा नाही. अस्सल निळीचाही थोडा रंग सुरुवातीला हाताला लागतो, आणि गिरणीतला छापा मुळीच सुटत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणाल तर दुहेरी छपाई होते खरी, पण एका बाजूने छापलेलं अजरखही हातचंच असतं आणि स्वस्त पडतं. मी ठशांचे सांधे बघते. दोन ठसे जिथे भिडतात तिथे रेघ केसभर सरकलेली किंवा किंचित गडद असते, आणि प्रत्येक सांधा वेगळा. स्क्रीन छपाईत चूकसुद्धा दर वळणाला तीच उमटते. डिजिटल छाप्याची पाठ फिकी असते, तिला फार बघावंही लागत नाही.

पराग_सांगली
बरं. माझ्या दुपट्ट्याचा रंग लागला होता, मी तो वहिनीला देऊन टाकला. आता परत मागायची सोय नाही.

निनाद
भुजोडीबद्दल. विणकरांच्या घरात खड्ड्यात पाय सोडून बसण्याचे माग असतात, लोक आनंदाने दाखवतात. पण त्याच गावात ॲक्रिलिकच्या शालीही भरपूर विकायला आहेत, आणि दिसायला छान असतात. विचारलं तर बहुतेक जण खरं सांगतात, म्हणून विचाराच. तरीही शंका असेल तर किनारीचा एक सुटा धागा मागून घ्या आणि जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चिमटीत भुरभुर होते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. देशी मेंढीची लोकर टोचते, मेरिनो टोचत नाही. आईंना मऊ हवी असेल तर तसं सांगा. उन्हाळ्यात वापरायचं असेल तर काला कॉटन घ्या, पावसाच्या पाण्यावर येणारा देशी कापूस आहे, जरा जाडसर, पण धुवून मऊ होतो.

सायली_ठाणे
आणि चाळीस हजार कसे वाटायचे? काकू, तुम्ही सांगा ना.

विणकरीण
माझ्या ऐकण्यातले भाव सांगते, थोडे पुढेमागे धरा. अजरखची मोडालची साडी सहा ते आठ हजार, सुती कापड मीटरला चारशे ते सातशे. हातविणीची लोकरी शाल तीन ते सहा हजार. एकेकीला एक मोठी वस्तू, म्हणजे दोन साड्या आणि एक शाल धरली तर वीस हजार जातात. कुर्त्यांसाठी दहा-बारा मीटर सुती अजरखला सहा-सात हजार. उरलेल्यातले पाच हजार भुजच्या बाजारात बांधणीला आणि बाकी शेवटच्या दिवसाला ठेवा, कारण मन बसलेली एक वस्तू हमखास नंतर आठवते. भरतकामाच्या पिशव्या, उशांचे अभ्रे मी सोडून देते. त्यांतल्या बऱ्याच जुने घागरे कापून केलेल्या असतात, कापड विरलेलं असतं, आणि नव्या मालात यंत्राचं काम मिसळलेलं असतं. उलट बाजूला धागा सगळीकडे एकसारखा आणि गाठी कुठेच नाहीत, तर यंत्र समजा.

अनघा कुलकर्णी
मी नाही सोडत! जुन्या घागऱ्याचा तुकडा चौकटीत घालून भिंतीवर लावलाय, त्याला कुठे धुवायचंय.

केदार_बंगळुरू
घासाघीस करायची की नाही? बायको म्हणते कारागिराशी करू नये, मी म्हणतो सांगितलेल्या किमतीत आपलं शहरीपण धरलेलं असतं.

निनाद
घरी विणणाऱ्याशी मी करत नाही, चार वस्तू घेतल्यावर तोच कमी करतो. बाजारातल्या दुकानात मात्र करतो.

विणकरीण
मी दोन्हीकडे करत नाही, पण निनादला चूक म्हणणार नाही.

सायली_ठाणे
बांधणी गाठी न सोडता घ्यावी का? मावशी म्हणते तशीच घ्यायची.

अनघा कुलकर्णी
हो, गाठींसकटच. दोन्ही टोकं धरून कापड ओढलं की गाठी तडतडत सुटतात, मावशींना तो आवाज आवडेल. घेण्याआधी दुकानदाराला एक कोपरा सोडून दाखवायला सांगा. ठिपक्यावर कापड टोकदार उभं राहिलं पाहिजे, आणि दोन ठिपके हुबेहूब सारखे नसावेत. आणि इस्त्री लगेच करू नका, सगळा उठाव बसून जाईल.

सायली_ठाणे
शाली आणि तागे परतीच्या गाडीत सांभाळायचे की पार्सल करायचे?

निनाद
शाली अंगावर घ्या, जानेवारीत गाडीत थंडी असते. तागे टपालाने पाठवा, भुजमधून पार्सल होतं. कापडी पिशवीत शिवून द्यायला बाजारातला शिंपी तयार असतो.