मदत हवी आहे: 'यद' म्हणजे हात, पण अलंकार कोणता?

रानजाई
एम.ए. अरबीच्या बलागतच्या, म्हणजे अलंकारशास्त्राच्या, पेपरची तयारी चालू आहे. खालच्या तिन्ही वाक्यांत 'यद' आहे आणि एकातही नुसता हात अभिप्रेत नाही.

१. लि-ज़ैदिन अलय्य यदुन. (ज़ैदचे माझ्यावर उपकार आहेत.)
२. लबीदच्या मुअल्लकातली ओळ: इज़ असबहत बि-यदिश्-शमालि ज़िमामुहा. (थंड सकाळीचा लगाम उत्तरेच्या वाऱ्याच्या हाती गेला आहे.)
३. कुराण १७:२९: वला तज्अल यदक मग़्लूलतन इला उनुक़िक. (आपला हात गळ्याशी जखडून ठेवू नकोस.)

मी तिन्हींना इस्तिआरा लिहिलं. पहिलं तरी नक्की चूक आहे असं कळलं, पण का ते कळलं नाही.

शब्दवेडा
सोपं आहे. तश्बीह म्हणजे आपली उपमा, इस्तिआरा म्हणजे रूपक. 'सारखा' हा शब्द असला तर तश्बीह, नसला तर इस्तिआरा. तुमच्या तिन्ही वाक्यांत 'क' किंवा 'मिस्ल' नाही, मग तिन्ही इस्तिआराच.

नूर_पुणे
शब्दवेडा, उपमेचं बरोबर आहे, पण पुढची कसोटी विद्यार्थ्यांना हमखास फसवते. 'ज़ैदुन असदुन' यात 'सारखा' नाही, तरी बहुतेक बलागतकार त्याला तश्बीह बलीग़ म्हणतात, कारण ज़ैद आणि सिंह दोघेही वाक्यात हजर आहेत. 'रऐतु असदन यर्मी', म्हणजे बाण मारणारा सिंह पाहिला, यात माणूस गायब आहे आणि 'यर्मी' हा करीना, म्हणजे वाक्यातली खूण, सांगतो की सिंह खरा नव्हे. हा इस्तिआरा. म्हणजे आपलं 'तो सिंह आहे' हे रूपक तिकडे तश्बीहच्या खात्यात जातं.

रानजाई, तुमच्या पहिल्या वाक्यात आधी हे विचारा: हात आणि उपकार यांत साम्य कोणतं? कोणतंच नाही. उपकार हातून घडतो, एवढाच संबंध. साम्याशिवाय दुसरा संबंध असला की मजाज मुर्सल, आणि इथला संबंध सबबिय्या: कारणाचं नाव घेऊन कार्य सांगितलं. उत्तरात संबंधाचं नाव लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते अर्धं राहतं. बलागतकार अब्दुल क़ाहिर जुर्जानीने यात एक फार सुंदर गोष्ट टिपली आहे. या अर्थाने 'यद' येतो तेव्हा वाक्यात देणाऱ्याकडे बोट दाखवलेलं असतं. 'गावात निअमत, म्हणजे कृपा, वाढली' असं अरबीत म्हणता येतं, पण त्या जागी 'यद' बसत नाही. हाताशी असलेलं नातं शब्द सोडत नाही.

रानजाई
मग दुसऱ्यात? तिथे मी 'हात म्हणजे वाऱ्याचा जोर' असं साम्य दाखवलं होतं.

नूर_पुणे
तिथेच घसरण होते. 'यदुश्-शमाल' ही षष्ठीची जोडी आहे आणि 'लुजैनुल-माइ', पाण्याची चांदी, हीदेखील तशीच. दिसायला सारख्या, पण उलटून पाहा. 'पाणी चांदीसारखं' हे नीट लागतं, म्हणून ती तश्बीह. 'वारा हातासारखा' हे लागत नाही. वाऱ्यात हाताच्या जागी ठेवण्यासारखी वस्तूच नाही. साम्य आहे ते वारा आणि लगाम धरणारा माणूस यांच्यात. माणूस वगळला आणि त्याची खूण म्हणून हात वाऱ्याला दिला. हा इस्तिआरा मक्निय्या. 'हात म्हणजे अमुक' असं समीकरण मांडायला गेलात की उत्तर बिघडणार. या हाताचं काय करायचं यावर सक्काकी आणि ख़तीब क़ज़वीनी या दोन बलागतकारांचं एकमत नाही. सक्काकी म्हणतो, वाऱ्यासाठी हातासारखं काहीतरी कल्पनेत रचलंय. क़ज़वीनीच्या मते हात हा हातच, तो फक्त वाऱ्याला जोडलाय. तुमच्या अभ्यासक्रमात ज्याचा मजकूर लावला आहे त्याचा पक्ष धरा.

सलमा_मिरज
मी मुलांना कुराणाचं भाषांतर शिकवते. 'वस्अलिल-क़र्यत', गावाला विचार, हे मी इस्तिआरा म्हणून सांगत आलेय. गावाला माणसासारखं केलंय ना?

नूर_पुणे
सलमाताई, तिथे गाव माणसासारखं नाही, गावात माणसं राहतात. ठिकाण बोलून रहिवासी सांगणं ही महल्लिय्या, म्हणजे मजाज मुर्सल. काही जण मात्र 'अहल', म्हणजे रहिवासी, हा शब्द गाळलाय असं मानतात.

शब्दवेडा
पटलं. मग तिसरं वाक्य किनाया ना? जखडलेला हात म्हणजे कंजूषपणा.

नूर_पुणे
किनाया म्हणजे आडून सुचवलेला अर्थ, आणि त्याची अट अशी की मूळ अर्थही धरता आला पाहिजे. 'कसीरुर-रमाद' म्हणजे घरी राख फार असलेला, अर्थात पाहुणचार करणारा. त्याच्याकडे राख खरोखरच असू शकते. पण खर्चाबद्दलच्या ताकिदीत गळ्याशी बांधलेला हात खरा धरता येईल का? कुराणाचा भाष्यकार ज़मख़शरी त्याला तम्सील म्हणतो: कंजुषाचं सबंध वागणं हात बांधलेल्या माणसाच्या चित्रातून दाखवलंय.

शब्दवेडा
पण हात बांधलेला माणूस जगात असतोच की. अर्थ अशक्य कुठे आहे? मी किनायाच म्हणेन.

रानजाई
मी तम्सील लिहून, किनाया मानणाऱ्यांचा पक्षही एका ओळीत देते. पहिल्या दोन्हींची उत्तरं आता संबंधाच्या नावासकट पुन्हा लिहून काढते.