तेव्हा घेतला असता तर आज 'भरत नसतो' की 'भरलं नसतं'?

वानवडीकर: सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "२०१४ ला फ्लॅट घेतला असता तर आज भाडं भरत नसतो." एका काकांनी लगेच दुरुस्ती केली, 'भरलं नसतं' असं पाहिजे म्हणे. माझं वाक्य खरंच चुकलंय का?

पेठेतला: काकांचं बरोबर आहे. 'तर'च्या अलीकडे 'घेतला असता' आहे ना, मग पलीकडेही तसंच पाहिजे, "अभ्यास केला असता तर पास झाला असता", दोन्ही बाजू जुळतात. हल्ली इंग्रजी माध्यमामुळे अशी अर्धी इकडची अर्धी तिकडची वाक्यं वाढलीयेत. आणि नुसतं "मी भाडं भरत नसतो" वाचलं तर वाटतं हा माणूस भाडं बुडवतो!

कर्वेनगर_ताई: नाही पटलं. पास होणं ही गोष्ट तेव्हाच झाली आणि तिथेच संपली, म्हणून तिथे 'झाला असता' शोभतं. भाडं दर महिन्याला चालूच आहे, आजही. "आज भाडं भरलं नसतं" म्हटलं की मला पहिल्यांदा आजचा एक हप्ता दिसतो, म्हणजे आज ट्रान्सफर केलं नसतं. 'भरत नसतो' म्हटलं की रोजचं आयुष्यच वेगळं असतं हे कळतं. दुसरं बघा, "१९६१ ला पानशेत फुटलं नसतं तर नदीकाठचे कितीतरी वाडे आज उभे असते." इथे जोडी जुळवायला 'उभे राहिले असते' करा, लगेच अर्थ होतो की वाडे तेव्हा नव्यानेच बांधले गेले असते. पुरात गेलेल्या वाड्यांबद्दल तुम्हाला हे म्हणायचंच नाहीये.

आणि इंग्रजीचा काय संबंध हो, "वेळेवर औषध मिळालं असतं तर आज तो आपल्यात असता" हे इंग्रजीचा गंधही नसलेल्या बायका बोलतात. कारण मागचं, परिणाम आत्ताचा.

आंबेगाव_बुद्रुक: दादा मी तेव्हाच घेतला होता फ्लॅट, आणि अजून ईएमआय भरतोय, वर मेंटेनन्स, त्यामुळे घेतला असता तर सुटलो असतो असं काही नसतं. भाड्याने राहून बाकीचे पैसे गुंतवलेले बरे.

वानवडीकर: अहो प्रश्न वाक्याचा आहे, फ्लॅटचा नाही 🙏

पेठेतला: ताई, वाड्यांचं मान्य, औषधाचंही. पण बुडवण्याचा मुद्दा राहिला ना. 'मी भरत नसतो' हे सवयीचंही वाक्य आहे, अगदी तसंच्या तसं.

कर्वेनगर_ताई: हो, हा मुद्दा खरा आहे, पण फक्त काही ठिकाणी. 'मी' आणि 'आम्ही' घेतलं की सवय आणि कल्पना दोन्हींना एकच रूप, 'मी राहत असतो'. 'ते घर रिकामं असतं' याचंही तसंच. पण 'तो' घ्या, सवय असेल तर 'तो इथे राहत असतो' आणि कल्पना असेल तर 'राहत असता'. 'ती राहत असते' आणि 'ती राहत असती'. 'वाडे असतात' आणि 'वाडे असते'. तिथे घोळ होत नाही, उलट घाईत टाइप करताना लोक 'तो आज इथे असतो' लिहून टाकतात तेव्हा घोळ होतो, वाचणाऱ्याला वाटतं तो आज इथेच सापडेल.

म्हणून 'मी' असेल तेव्हा 'तर'चा भाग गाळू नये. वानवडीकरांनी पूर्ण वाक्य लिहिलंय, '२०१४ ला' आहे, 'आज' आहे, मग गैरसमज कसा होणार? पण ग्रुपवर कोणी विचारलं "काय रे, तू बंगलोरला का नाही?" आणि उत्तरात नुसतं "अरे मी आज बंगलोरला असतो" आलं, तर तो तिथे आहे की नाही हे कळत नाही. "ती ऑफर घेतली असती तर" हे पाच शब्द टाकायचे, बास.

बाणेर_रोज_बस: मला दोघांचंही अर्धंच पटतंय. मी तर "आज भाडं भरावं लागलं नसतं" असंच बोलले असते, आणि त्यात मला आजचा एकच हप्ता दिसत नाही, दर महिन्याचंच दिसतं. मग '-लं असतं' म्हणजे एकदाच घडून संपलेलं, हा ताईंचा नियम इथे कुठे गेला?

कर्वेनगर_ताई: हम्म. 'लागणं' आलं की तसं चालतं खरं, "लागत नसतं" मीही क्वचितच ऐकते. 'लागणं'मुळे होतं की सवयीने, हे मला अजून नीट मांडता येत नाहीये. पण काकांची दुरुस्ती 'भरावं लागलं नसतं' नव्हती, 'भरलं नसतं' होती, आणि ती नको होती.

पेठेतला: मी 'भरावं लागलं नसतं'च लिहीन. 'भरत नसतो' चूक नाही म्हणता, ठीक, पण माझ्या कानाला ते अजूनही बुडवणाऱ्याचंच वाटतं.